पऱ्यावरचं चाक आणि १५ एमएफडीचा कपॅसिटर

१६ जून २०२४, गुहागर तालुका

तात्यांच्या पोफळीच्या बागेच्या वर पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, आहे. त्याला बांध घालून पाट काढलेला आहे आणि त्याचं पाणी बागेत पडतं. पावसाळ्यात हे पाणी कोणालाच नको असतं, ते तसंच खाली जातं. इथे पावसात वीज गेली की दोन-दोन दिवस येत नाही, म्हणून गोठ्यात आणि माजघरात दिवे लागतील एवढी तरी वीज या पाण्यातून काढायची, असं गेल्या वर्षी ठरलं होतं. आज चाक पहिल्यांदा फिरलं.

पाटापासून खाली ३ मीटर उतार मिळतो. ९० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप ४० मीटर टाकला आहे आणि त्याच्या टोकाला १९ मिलिमीटरची दोन नोझल आहेत. चाकाला पाती म्हणून स्टीलचे वाढायचे डाव लावले, दांडे कापून, १६ नग. जनरेटर म्हणजे भंगारातल्या एका जुन्या प्लॉटर मशीनची स्टेपर मोटर. या मोटरला २०० स्टेप असतात, त्यामुळे दांडा एकदा फिरला की विजेची ५० आवर्तनं होतात. म्हणजे मल्टिमीटर हर्ट्झवर ठेवला की चाकाचा वेग आपोआप कळतो, वेगळा टॅकोमीटर लागत नाही.

मोटरमध्ये दोन स्वतंत्र फेज आहेत. प्रत्येक फेजला एसीचं डीसी करणारा आपला ब्रिज रेक्टिफायर दिला, दोन्हींची डीसी बाजू एकत्र करून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडली.

एक नोझल उघडलं, अॅमीटरवर ०.६८ अँपिअर. चांगलं वाटलं. दुसरं नोझल उघडलं तर चाक किंचाळल्यासारखा आवाज करू लागलं आणि काटा गेला फक्त ०.७४ वर. पाणी दुप्पट केलं आणि करंट दहा टक्केही वाढला नाही. बॅटरीपाशी १३.२ व्होल्ट होते, म्हणजे जेमतेम पावणेदहा वॅट.

तात्या म्हणाले, "पाणी तर सगळं जातंय रे त्यातनं. मग अडतंय कुठं?"

हाच प्रश्न आहे. दुसऱ्या नोझलने मीटर ३९२ हर्ट्झ दाखवत होता, म्हणजे मिनिटाला ४७० फेरे. बॅटरी काढली तर ४५० हर्ट्झ, ५४० फेरे. भार लावूनही चाक जवळजवळ मोकळंच फिरतंय. पाण्याने दिलेलं बळ मोटर घेतच नाहीये.

२३ जून

चिपळूणला दादाच्या वर्कशॉपमध्ये मोटर लेथच्या चकात धरली. लेथवर तपासण्याचं कारण एकच: चाक भार आला की मंदावतं, लेथ मंदावत नाही. वेग स्थिर राहिला तर मोटरच्या आतल्या गोष्टी वेगळ्या काढून बघता येतात. खाली जे आकडे लिहितो ते एका फेजचे आहेत, दुसरी फेज तशीच निघाली.

मिनिटाला ३०० फेरे, म्हणजे २५० हर्ट्झ. तारा मोकळ्या ठेवल्यावर २१.४ व्होल्ट. तारा थेट अॅमीटरने जोडल्या, म्हणजे शॉर्ट केल्या, तेव्हा ०.४८५ अँपिअर. मग दादाने गिअर बदलून वेग ५०० केला. व्होल्टेज सरळ प्रमाणात वाढून ३५.७ झालं. शॉर्ट सर्किट करंट मात्र ०.५०४. वेग दीडपटीहून जास्त आणि करंट तिथल्या तिथे.

पऱ्यावर जे दिसलं त्याचं कारण इथे समोर आलं. वेटोळ्याला नुसता रोध असता तर व्होल्टेजबरोबर करंटही वाढला असता. पण वेटोळ्याला इंडक्टन्स आहे, आणि इंडक्टन्सचा अडथळा, म्हणजे रिॲक्टन्स, फ्रीक्वेन्सीबरोबर वाढतो. वेग वाढला की ढकलणारं व्होल्टेजही तेवढंच वाढतं आणि अडवणारा रिॲक्टन्सही तेवढाच वाढतो. दोघांचा भागाकार हलत नाही. चाक कितीही जोरात फिरवा, करंट अर्ध्या अँपिअरच्या पुढे जाणार नाही.

आकडे असे. ३०० फेऱ्यांना एकूण इंपिडन्स म्हणजे २१.४ भागिले ०.४८५, ४४.१ ओहम. मल्टिमीटरने मोजलेला वेटोळ्याचा रोध १२ ओहम. रोध आणि रिॲक्टन्स एकमेकांना काटकोनात धरायचे असतात, म्हणून ४४.१ च्या वर्गातून १२ चा वर्ग वजा करून वर्गमूळ काढलं: रिॲक्टन्स ४२.४ ओहम. त्यावरून इंडक्टन्स २७ मिलिहेन्री. एलसीआर मीटर माझ्याकडे नाही, पण या कामाला फिरत्या मोटरवर मोजलेला आकडा जास्त भरवशाचा, कारण तो खऱ्या फ्रीक्वेन्सीला आणि खऱ्या करंटला मिळालेला आहे.

एक सावधगिरी. काही स्वस्त मल्टिमीटरची एसी रेंज ५० हर्ट्झच्या आसपासच नीट असते. २५० हर्ट्झला दादाचा साधा मीटर आणि माझा ट्रू आरएमएस मीटर यांच्यात दोन व्होल्टचा फरक पडला. मीटरच्या पुस्तिकेत एसी व्होल्टेज किती हर्ट्झपर्यंत खरं ते दिलेलं असतं, ते आधी बघायचं.

२३ जून, रात्री

दुपारी एक चूक केली ती लिहून ठेवतो, कारण ही चूक पुष्कळांकडून होते. जास्तीत जास्त पॉवर मिळवायची तर लोडचा रोध सोर्सच्या रोधाएवढा घ्यायचा, हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मी सोर्सचा रोध १२ ओहम म्हणून १२ ओहमचा सिमेंट रेझिस्टर लावला. त्याच्यावर आले ५.२ व्होल्ट, म्हणजे २.२ वॅट. मग २२ ओहम लावला तर ३.३ वॅट. ४७ ओहमला ३.९ वॅट. "बरोबर" रोधाला सगळ्यात कमी पॉवर मिळत होती.

नियम चुकीचा नाही, अर्धाच लक्षात राहिलेला असतो. पूर्ण हिशेब हा:

```
P = E² · R_L / ( (R + R_L)² + (X + X_L)² )
```

`E` मोकळं व्होल्टेज, `R` आणि `X` सोर्सचे रोध आणि रिॲक्टन्स, `R_L` आणि `X_L` लोडचे. या सूत्राकडे जरा थांबून बघायला हवं. रिॲक्टन्स फक्त खाली आहे, छेदात, आणि तोही वर्गात. वर त्याचा पत्ता नाही. म्हणजे रिॲक्टन्समुळे पॉवर कधी वाढत नाही, घटतेच. तो शून्य करायला `X_L = -X` एवढंच करायचं: सोर्सचा रिॲक्टन्स इंडक्टिव्ह असेल तर लोडमध्ये तेवढाच कपॅसिटिव्ह घालायचा. हे झालं की उरतो फक्त रोधांचा मामला, आणि तिथे तो ओळखीचा नियम लागू होतो, `R_L = R`. दोन्ही मिळून लोडचा इंपिडन्स सोर्सच्या इंपिडन्सचा कॉन्जुगेट होतो, रोध तोच आणि रिॲक्टन्सचं चिन्ह उलटं. कॉन्जुगेट मॅचिंग म्हणतात ते हेच.

कपॅसिटर लावायचाच नसेल, लोड नुसता रोध असेल, तर उत्तर वेगळं येतं. मग `R_L` हा सोर्सच्या एकूण इंपिडन्सएवढा, म्हणजे ४४ ओहमच्या जवळ घ्यावा लागतो. म्हणून ४७ ओहमला जास्त मिळालं. पण ती पळवाट आहे. ३.९ वॅट हा या मार्गावरचा शेवट, त्यापुढे रेझिस्टर कितीही बदला.

प्रत्यक्षात काय होतं ते असं समजून घेता येतं. वेटोळं प्रत्येक आवर्तनात थोडी ऊर्जा चुंबकीय क्षेत्रात साठवतं आणि परत देतं, पुन्हा साठवतं, परत देतं. ही ये-जा व्होल्टेजचा मोठा हिस्सा खाऊन टाकते, लोडच्या वाट्याला कमी उरतं. मालिकेत योग्य कपॅसिटर असला की वेटोळं जेव्हा ऊर्जा सोडतं नेमक्या त्याच वेळी कपॅसिटर ती घेतो, आणि वेटोळ्याला हवी तेव्हा परत देतो. त्या दोघांची देवाणघेवाण आपापसात मिटते, सोर्सला त्यात पडावं लागत नाही.

लागणारा कपॅसिटर:

```
C = 1 / (ω² L),  ω = 2π × 250
C = 15.0 µF
```

३० जून

बाजारातल्या मोटर वाइंडिंगच्या दुकानात १५ एमएफडीचे, म्हणजे १५ मायक्रोफॅरडचे, दोन कपॅसिटर मागितले. दुकानदाराने लगेच विचारलं, "रनिंग का स्टार्टिंग?" हा प्रश्न योग्य आहे. स्टार्टिंगचा कपॅसिटर पंप सुरू होताना दोन-चार सेकंद सर्किटमध्ये असतो, आत इलेक्ट्रोलाइट असतं, तो सतत चालवला तर तापून फुगतो. इथे कपॅसिटरमधून सगळा करंट रात्रंदिवस जाणार, म्हणून रनिंगचाच हवा. तो ४४० व्होल्टचा मिळतो.

एवढं रेटिंग लागतं का, ते तपासलं. मॅच झाल्यावर करंट सुमारे पाऊण अँपिअर आणि कपॅसिटरचा रिॲक्टन्स ४२ ओहम, म्हणजे त्याच्या दोन टोकांवर ३० व्होल्ट. लोड चुकून शॉर्ट झाला तर ६० व्होल्ट. इथे गंमत लक्षात घेण्यासारखी आहे की मोटर स्वतः २१ व्होल्टच देते आणि कपॅसिटरवर त्याहून जास्त दिसतात. दोघांचे रिॲक्टन्स असे एकमेकांना मिटवतात तेव्हा, म्हणजे रेझोनन्समध्ये, असं होतंच. "मोटर २१ व्होल्टची, मग २५ व्होल्टचा कपॅसिटर पुरेल" असा विचार करून चालणार नाही.

लेथवर पुन्हा, ३०० फेरे, आता १५ एमएफडी मालिकेत:

४७ ओहमला ५.६ वॅट, २२ ओहमला ७.४, १५ ओहमला ७.६, १२ ओहमला ७.५, १० ओहमला ७.३.

त्या १२ ओहमवर गेल्या रविवारी २.२ वॅट होते, आज साडेसात. मोटर तीच, वेग तोच, मध्ये फक्त एक कपॅसिटर. दादाने रेझिस्टरला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. मीटर न बघताही फरक कळत होता.

पण हिशेब पूर्ण जुळत नाही, आणि ते सोडून द्यावंसं वाटलं नाही. सोर्सचा रोध १२ असेल तर कमाल पॉवर `E²/4R`, म्हणजे ९.५ वॅट यायला हवी होती आणि तीही १२ ओहमला. आली ७.६, आणि शिखर १५ ओहमजवळ. दोन्ही गोष्टी एकच सांगतात: चालत्या मोटरचा रोध १२ नाही, १५ आहे. `21.4² / (4 × 15)` केलं तर बरोबर ७.६ येतं.

जादाचे ३ ओहम आले कुठून? तांबं तापलं की त्याचा रोध अंशाला जवळपास ०.४ टक्के वाढतो. मोटर हाताला चांगली गरम लागत होती, पण त्याने फार तर एक-दीड ओहम भरून निघतात. बाकीचं लोखंडात जातं. २५० हर्ट्झला स्टॅम्पिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या लोखंडी पत्र्यांत, जी ऊर्जा उष्णता होते ती बाहेरून बघताना जादा रोधासारखीच दिसते. थांबलेल्या मोटरवर डीसीने मोजलेल्या रोधात ती कधीच दिसणार नाही. म्हणून मॅचिंगसाठीचा रोध ओहममीटरवरून घ्यायचा नाही, लोड बदलत शिखर शोधायचं आणि शिखरावरचा लोड हाच सोर्सचा रोध मानायचा. रिॲक्टन्सच्या हिशेबाला याने धक्का लागला नाही: १२ च्या जागी १५ धरले तर तो ४२.४ चा ४१.५ होतो.

शिखर किती सपाट आहे हेही नोंदवण्यासारखं आहे. १० ओहमपासून २२ ओहमपर्यंत कुठेही राहिलं तरी नुकसान चार टक्क्यांच्या आसपासच. कपॅसिटरवर पाच टक्के इकडेतिकडे लिहिलेलं असतं, त्याचीही इथे चिंता नाही. पाच टक्के म्हणजे दोन ओहमचा फरक आणि सर्किटमध्ये एकूण रोध ३० ओहमचा. रेडिओच्या आखूड अँटेनाला रिॲक्टन्स रोधाच्या कितीतरी पट असतो, तिथे असा दोन-पाच टक्क्यांचा फरक सगळं मॅचिंग घालवतो आणि फिरवता येणारा कपॅसिटर लागतो. आपल्या मोटरला ठोक माप चालतं.

७ जुलै

आता रेझिस्टरच्या जागी बॅटरी. बॅटरी म्हणजे रोध नव्हे, ती आपलं व्होल्टेज सोडत नाही. पण एसीच्या बाजूने बघितलं तर तिचाही रोध ठरवता येतो. बॅटरी १३.२ व्होल्ट आणि ब्रिजमधल्या दोन डायोडचे मिळून १.४, म्हणजे १४.६. करंट साइन आकाराचा असला तर मूळ फ्रीक्वेन्सीला ब्रिजच्या तोंडाशी याच्या ०.९ पट, १३.१ व्होल्ट आरएमएस दिसतात. मोटर २१.४ देते, उरलेले ८.३ व्होल्ट १५ ओहमवर पडतात, करंट ०.५५ अँपिअर. १३.१ भागिले ०.५५ म्हणजे साधारण २४ ओहम.

हवे होते १५, मिळाले २४. नेमका मॅच नाही. मधे ट्रान्सफॉर्मर घालून हे जुळवता येईल, पण वरच्या आकड्यांत २२ ओहमला काय नुकसान होतं ते मोजलेलंच आहे. तेवढ्यासाठी २५० हर्ट्झचा ट्रान्सफॉर्मर गुंडाळायचा आणि त्याच्याच गाभ्यात वॅट घालवायचे, हे मला पटत नाही. बॅटरी ६ व्होल्टची असती किंवा २४ ची असती तर मात्र विचार करावा लागला असता. २४ व्होल्टला तर या वेगाला चार्जिंग जेमतेमच झालं असतं.

लेथवर दोन्ही फेज मिळून बॅटरीत: कपॅसिटरशिवाय ६.९ वॅट, कपॅसिटरसह १३. जवळजवळ दुप्पट.

२१ जुलै

पऱ्यावर. पाऊस चांगला, दोन्ही नोझल पूर्ण. आधी कपॅसिटरशिवाय चालवून बघितलं: तेच ०.७४ अँपिअर, तेच ३९२ हर्ट्झ, तोच किंचाळता आवाज. मग दोन्ही फेजमध्ये १५ एमएफडी घातला.

आवाज खाली आला. हे मी कधी विसरणार नाही. सूर एकदम चार पायऱ्या उतरला आणि त्याच वेळी काटा १.२३ वर गेला. फ्रीक्वेन्सी २९७ हर्ट्झ, चाक मिनिटाला साधारण ३५६ फेरे.

तात्या छत्री धरून उभे होते. "चाक मंदावलं आणि वीज वाढली?"

मी म्हटलं, "तात्या, मोकळा बैल धावतो जोरात, पण नांगर जोडला की हळू चालतो. काम हळू चालतानाच होतंय."

"ते खरं," ते म्हणाले, आणि पाटाच्या तोंडाशी अडकलेली पानं काढायला गेले.

९.८ वॅटचे १६.२ वॅट झाले. म्हणजे दीडपटीपेक्षा जास्त, पण लेथवर दिसली तशी दुप्पट नाही. घरी येऊन यावरच बसलो आणि उत्तर साधं निघालं. मॅचिंगचा सिद्धांत गृहीत धरतो की सोर्सचं व्होल्टेज कायम आहे, लोड काहीही लावा. लेथवर ते खरं होतं. पऱ्यावर सोर्सच्या मागे अजून एक सोर्स आहे, पाणी, आणि त्याची स्वतःची मर्यादा आहे. कपॅसिटरशिवाय चाक जोरात फिरून जास्त व्होल्टेज बनवत होतं, त्याने इंडक्टन्सचा तोटा थोडा भरून निघत होता. कपॅसिटरने मोटर जास्त बळ खेचू लागली, चाक मंदावलं, व्होल्टेज उतरलं. फायद्यातला एक वाटा असा परत गेला.

दुसरी गोष्ट, मी कपॅसिटर २५० हर्ट्झसाठी काढला होता आणि चाक २९७ वर स्थिरावलं. तिथे वेटोळ्याचा रिॲक्टन्स ५० ओहम आणि कपॅसिटरचा ३६. म्हणजे सुमारे १५ ओहम अजून उरले आहेत.

४ ऑगस्ट

ते १५ ओहम काढून टाकायचे म्हणून कपॅसिटर बदलला. ३०० हर्ट्झच्या आसपास रेझोनन्स हवा तर १० एमएफडी, फार तर अकरा. १० चे दोन आणले.

करंट १.२४. शंभरातला एक अँपिअर जास्त, म्हणजे काहीच नाही. चाक आणखी मंदावून २८२ हर्ट्झवर आलं, म्हणजे नव्या रेझोनन्सच्याही खाली.

निराश होण्याआधी हिशेब केला. बॅटरीत १६ वॅट जातायत. डायोडमध्ये पावणेदोन. वेटोळ्यात आणि लोखंडात, दोन्ही फेज मिळून, चौदा. बेरीज ३२ वॅट. ४ लिटर पाणी सेकंदाला ३ मीटर खाली येतं त्यात एकूण ११८ वॅट असतात, आणि माझ्या डावांच्या चाकाला त्यातले ३०-३५ वॅट दांड्यावर देता येतायत. म्हणजे चाक जे देऊ शकतं ते मोटर सगळं घेतेय. आता इलेक्ट्रिकल मॅचिंग कितीही बारीक केलं तरी पुढे वाढ नाही. आता सुधारायचं तर नोझलचा कोन आणि पात्यांचा आकार.

त्या बेरजेतला चौदा वॅटचा आकडा मात्र डोळ्यांत खुपतो. बॅटरीत सोळा आणि मोटर तापवण्यात चौदा. पण हे मॅचिंगच्या व्याख्येतच आहे. सोर्सचा आणि लोडचा रोध सारखा असेल तर दोघांत सारखीच पॉवर जाणार, कार्यक्षमता निम्मीच राहणार. जास्तीत जास्त पॉवर आणि जास्तीत जास्त कार्यक्षमता या दोन वेगळ्या मागण्या आहेत. वीजकेंद्र असं कधीच चालवत नाहीत, तिथे सोर्सचा रोध लोडच्या मानाने अगदी लहान ठेवतात. इथे पाणी फुकट वाहून जातंय आणि मोटर एवढीच आहे, म्हणून मला पॉवर हवी. कमी रोधाची मोठी मोटर मिळाली तर त्याच पाण्यात दिवे जास्त लागतील, हेही तितकंच खरं.

१५ एमएफडीच परत लावले. कारण सरळ आहे: पाणी कमी झालं की चाक मंद होणार, आणि मंद वेगाला मोठा कपॅसिटर लागतो.

१ सप्टेंबर

तात्यांचा काल रात्री फोन. "चाक पुन्हा ओरडायला लागलं." सूर ऐकूनच त्यांना काहीतरी बिघडल्याचं कळलं, हे मला फार आवडलं. खरंच, या यंत्राचा सगळ्यात चांगला मीटर म्हणजे त्याचा आवाज. सूर चढला की भार सुटला.

करंट ०.५७, फ्रीक्वेन्सी ३९५. अर्ध्याहून कमी म्हणजे एक फेज गेली असणार. दोन्ही ब्रिजच्या तोंडाशी एसी व्होल्टेज बघितलं: एकाच्या तोंडाशी १३ च्या आसपास, दुसऱ्याच्या शून्य. त्या फेजच्या कपॅसिटरच्या आधी मोटरचं पूर्ण व्होल्टेज होतं. कपॅसिटर काढून एमएफडी मोजला तर १४.८, ठणठणीत. दोष त्याच्या पितळी टॅबवरच्या लगमध्ये निघाला. हिरवा चुरा झाला होता. समुद्र इथून दीड किलोमीटर, खारी हवा पावसात सगळीकडे शिरते. लग पूर्ण तुटला नव्हता, पण करंट जाईना.

लग कापून तारा थेट टॅबवर डाख दिल्या, वरून ग्रीस, आणि दोन्ही कपॅसिटर झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात उलटे टांगले. पाणी शिरलं तरी टोकांशी साठणार नाही. १.२३ परत आले.

६ सप्टेंबर

उद्या गणपती. संध्याकाळी सातला वीज गेली. मखरातल्या एलईडीच्या माळा आणि माजघरातले दोन दिवे बॅटरीवर टाकले, मिळून १.१ अँपिअर. चाकाचा करंट त्याहून किंचित जास्त, म्हणजे बॅटरीतून काही जातच नव्हतं. आत्या रात्री एकपर्यंत मोदकांची तयारी करत होती. पहाटे वीज आली तेव्हा कोणाच्या लक्षातही आलं नाही.

१३ ऑक्टोबर

पाऊस थांबून बरेच दिवस झाले. पाटात निम्मंच पाणी उरलं, एक नोझल बंद केलं.

जूनपासून हे मोजायचं मनात होतं. एका नोझलवर कपॅसिटरशिवाय ०.६८, अगदी पहिल्या दिवशीचा आकडा. कपॅसिटरसह ०.७९, चाक २३३ हर्ट्झवर. दोन नोझलवर करंट दीडपटीहून जास्त वाढला होता, इथे जेमतेम सोळा टक्के. कमी पाण्यात चाकाकडेच देण्यासारखं थोडं असतं. ते थोडं मोटर कपॅसिटरशिवायही बरंचसं घेत होती, फक्त जास्त वेगाने फिरवून.

पण पहिल्या दिवशीच्या प्रश्नाचं उत्तर आता पूर्ण झालं. कपॅसिटरशिवाय एका नोझलवरून दोनवर गेलं की ०.६८ चे ०.७४. कपॅसिटरसह ०.७९ चे १.२३. दुसऱ्या नोझलचं पाणी जूनमध्ये नुसता आवाज करत होतं, आता ते बॅटरीत जातं.

तात्यांना पाट बागेकडे वळवायचा आहे, पोफळींना आता पाणी लागेल. दुपारी मोटर उतरवून घरात आणली, बेअरिंगमध्ये थोडी घरघर आहे. पुढच्या मे महिन्यात ती बदलायची आणि डावांच्या कडा घासून पातळ करायच्या. वहीत नोझलच्या कोनाचे तीन पर्याय काढून ठेवले आहेत.